खातेनिहाय बिघाड-विलगीकरण

एकाच सिंकमधून अनेक ग्राहकांच्या खात्यांची माहिती आणताना एका खात्याचा बिघाड त्या खात्यापुरताच ठेवण्याची रचना. समजा, रात्रीच्या फेरीत 40 खाती आहेत आणि सातव्याच्या टोकनची मुदत संपल्याने सर्व्हर `401` देतो. त्रुटी पकडणारा `try` लूपच्या बाहेर असेल, तर पुढची 33 खाती तशीच राहतात; म्हणून तो लूपच्या आत, प्रत्येक खात्याभोवती हवा. कुठवर वाचले याची खूणही खात्यागणिक वेगळी लागते. ती सामाईक असून पुढे सरकली, तर सातव्याच्या मधल्या नोंदी निसटतात. त्रुटी पकडून गप्प बसणे मात्र अधिक घातक: फेरी ‘यशस्वी’ दिसते आणि सातवे खाते आठवडाभर शिळे असते. प्रत्येक खात्याच्या शेवटच्या यशस्वी सिंकची वेळ पाहिली की हे उघडे पडते.