अरिएकी

चायना मिएव्हिल या ब्रिटिश लेखकाच्या ‘एम्बसीटाउन’ (२०११) या कादंबरीतील, दोन मुखांनी एकाच वेळी बोलणारी परग्रहवासी जमात (पहा : विज्ञानसाहित्य).

या जमातीची भाषा तिच्या शरीररचनेतून आलेली आहे. प्रत्येक शब्दाला दोन उच्चार असतात. ते एकाच वेळी आणि एकाच मनातून यावे लागतात. त्यामुळे यंत्राने जुळवलेले उच्चार, तसेच दोन सामान्य माणसांनी मिळून काढलेले आवाज, अरिएकींना भाषा म्हणून ऐकूच येत नाहीत. एकटा बोलणारा माणूस त्यांना विचार करणारा जीवही वाटत नाही. यावर उपाय म्हणून माणसे एकसारख्या जोड्या वाढवून त्यांना ‘राजदूत’ नेमतात. अरिएकी अशा जोडीला एकच व्यक्ती समजतात. अरिएकींना खोटे बोलता येत नाही. उपमा हवी असल्यास तिच्यातील प्रसंग आधी प्रत्यक्ष घडवावा लागतो. निवेदिका अ‍ॅव्हिस लहानपणी अशीच एक उपमा झालेली असते.

एझरा हा राजदूत दोन भिन्न व्यक्तींचा बनलेला असतो. त्याच्या बोलण्यातील विसंगतीची अरिएकींना नशा चढते आणि त्यांचा समाज कोसळतो. ऐकण्याचा अवयव तोडलेले अरिएकी मात्र खुणांनी बोलू लागतात (पहा : चिन्हमीमांसा).

गैरसमजाचे मूळ शब्दार्थाऐवजी इंद्रियरचनेत दाखवणे हे या चित्रणाचे वैशिष्ट्य होय.