त्याचे निमे, त्याचे दुप्पट

धाराशिवच्या बाजारात कुणी फोनवर लिहितं, ‘साडेबारा पाठव’. समोरच्याला सोयाबीनचा व्यवहार ठाऊक असेल, तर तो साडेबारा हजार पाठवेल. किराण्याची उधारी आठवत असेल, तर साडेबाराशे पाठवेल. निरोपात चूक एकही नाही, फक्त तो दोन प्रकारे वाचता येतो. पैशाच्या निरोपातला हा घोळ जुना आहे आणि तो टाळायची एक तोडही तितकीच जुनी आहे. ती आपल्या सावकारी पेढ्यांवर रोज वापरली जायची. आज ती जवळजवळ विस्मरणात गेली आहे.

ती तोड हुंडीत सापडते. हुंडी म्हणजे पैसे देण्याचा लेखी निरोप. एका गावचा सावकार दुसऱ्या गावच्या आडत्याला लिहितो, की हा कागद घेऊन येणाऱ्याला अमुक रक्कम द्या, आमच्या खाती मांडा. दाखवताच पैसे द्यायचे असतील तर ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे असतील तर मुदती. रोकड घोड्यावर लादून न्यायची गरज नाही, लुटीची भीती कमी. पण त्यामुळे सगळी जोखीम एका कागदावर येते. रक्कम वाचणारा माणूस लिहिणाऱ्यापासून पन्नास-शंभर कोस दूर बसलेला. शंका आली तर विचारायला जाऊन परत येईपर्यंत आठवडा गेलेला.

म्हणून हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. ती आधी आकड्यांत यायची, मग अक्षरी, आणि नंतर तिचे निमे, म्हणजे अर्धी रक्कम, लिहून ‘त्याचे दुप्पट पुरे’ असे म्हटले जायचे. आजच्या मराठीत तिचा नमुना साधारण असा होईल:

‘रुपये १२५०, अक्षरी एक हजार दोनशे पन्नास, त्याचे निमे सहाशे पंचवीस, त्याचे दुप्पट पुरे द्यावे.’

पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे पाल्हाळ वाटेल. पण एखादा लबाड हीच हुंडी हातात घेऊन बसला आहे असे समजा. त्याला सगळ्यात सोपे काय? ‘१’ला डोक्याशी एक गाठ मारून ‘९’ करणे. हाताने लिहिलेल्या देवनागरीत हे दोन आकडे मुळातच जवळचे. बाराशे पन्नासाचे नऊ हजार दोनशे पन्नास झाले, काम संपले. पण पुढे ‘एक हजार’ असे अक्षरांत लिहिलेले आहे. ‘एक’ या शब्दाला कितीही रेघा जोडा, त्याचा ‘नऊ’ होत नाही, खोडावेच लागते. समजा तेही जमले. आता निमे आडवे येते. ९२५०चे निमे चार हजार सहाशे पंचवीस. म्हणजे ‘सहाशे पंचवीस’च्या आधी ‘चार हजार’ घुसवायला जागा हवी.

आणि जागाच नसते, कारण हुंडी मोडीत लिहिलेली. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी शिरोरेघ ओढून घेत आणि मग बोरूने अक्षरे त्या रेघेखाली सलग लिहीत. शब्दांमध्ये आज आपण सोडतो तशी मोकळी जागा नाही. ही लिपी खाडाखोडीविरुद्ध बनवलेली नव्हती, ती वेगासाठी होती. पण सलग ओळीत नवा शब्द कोंबणे अवघड, हा फायदा आपोआप मिळत होता.

दुसरा हल्ला शून्याचा. ‘१२५०’च्या शेवटी एक शून्य वाढवले, तर आकड्यांत फरक एका टिंबाएवढा. पण साडेबारा हजार म्हटल्यावर अक्षरी रक्कम बदलते आणि निमेही सहा हजार दोनशे पन्नास होते. आकड्यात एक चिन्ह, शब्दांत अख्खे वाक्य. यात या पद्धतीचे मर्म आहे. आकड्याची किंमत त्याच्या जागेवर ठरते, म्हणून तो पटकन लिहिता येतो आणि पटकन बिघडतोही. शब्द मात्र आपली जागा स्वतःच सांगतो. ‘हजार’ हा शब्द ओळीत कुठेही असला तरी हजारच.

आणे लिहिण्याची जुनी रीत पाहिली तर हे आणखी पटते. रुपयाच्या आकड्यापुढे उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ म्हणजे एक आणा. म्हणजे ‘१२।।’ हे बारा रुपये आठ आणे आणि ‘१२।।=’ हे बारा रुपये दहा आणे. वही लिहायला झकास, पण एक फराटा चुकून ओढला की चार आण्यांचा फरक. वहीत तो चालायचा, कारण वही मालकाच्या घरी राहते आणि रोजमेळ जुळला नाही तर चूक सापडते. हुंडी परक्या हातांतून जाते. म्हणून तिथे अक्षरांशिवाय गत्यंतर नाही.

उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एवढ्यानेही भागत नव्हते. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १८५३च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला, नळदुर्गाहून मेडोज टेलर याने काही वर्षे त्याचा कारभार पाहिला आणि १८६० साली तो पुन्हा निजामाकडे आला. शेजारचे बार्शी आणि सोलापूर मात्र मुंबई इलाख्यात. कुर्डुवाडीहून बार्शीला आलेली अरुंद रूळांची रेल्वे पुढे १९११पर्यंत लातूरला पोचली. म्हणजे एकाच गाडीत बसून माणूस एका नाण्याच्या राज्यातून दुसऱ्या नाण्याच्या राज्यात जात होता. इलाख्यात इंग्रजी रुपया, म्हणजे ‘कलदार’. संस्थानात ‘हाली सिक्का’. दोन्हींना रुपयाच म्हणत, दोन्हींचे आणे सोळाच, पण मोल वेगळे. शेवटच्या काळातला ठरलेला दर सात हालीला सहा कलदार असा होता.

आता आपली हुंडी पुन्हा वाचा. आकडा बरोबर, अक्षरे बरोबर, निमे बरोबर. पण बाराशे पन्नास कोणते? लिहिणाऱ्याच्या मनात कलदार असतील, तर वरच्या दराने संस्थानातल्या आडत्याने १४५८ हाली रुपये, ५ आणे, ४ पै मोजायला हवेत. त्याने हालीच समजून १२५० मोजले, तर घेणाऱ्याचे २०८ रुपयांहून जास्त बुडाले. तीन वेळा लिहिलेली रक्कम इथे काहीच वाचवत नाही, कारण चूक रकमेत नसून ‘रुपये’ या शब्दात आहे. अशा सरहद्दीवर नाण्याचे नाव रकमेइतकेच महत्त्वाचे. ‘कलदार’ किंवा ‘हाली’ हा एक शब्द राहिला की बाकीची सगळी काळजी फुकट.

हाली सिक्का १९५०च्या दशकात गेला. हा प्रश्न मात्र गेला नाही. पुण्याहून दुबईला गेलेल्या मुलाने घरी ‘दोन हजार पाठवतोय’ असे लिहिले, की ते दिरहम की रुपये, हे आजही विचारावे लागते.

कायद्याने या बाबतीत काय केले? १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ अगदी थोडक्यात आहे. आकड्यांतली आणि अक्षरांतली रक्कम वेगळी असेल, तर अक्षरांतली रक्कम खरी धरायची. चेकवर दोन्ही लिहायचे ते यासाठीच. याच कायद्याच्या पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज शाबूत ठेवले आहेत. म्हणजे एकीकडे अक्षराला वजन देणारा छापील कायदा, दुसरीकडे निमे-दुप्पट लिहिणारा पेढीचा रिवाज, दोन्ही शेजारी शेजारी चालले.

अक्षरांची जागा कोरी सोडली तर काय होते, याचे उदाहरण लंडनमध्ये घडले. तिथल्या एका पेढीच्या कारकुनाने भागीदाराकडून दोन पौंडांच्या चेकवर सही घेतली. आकड्यांत ‘२’ होते, अक्षरांची ओळ रिकामी होती. सही मिळाल्यावर त्याने दोनाच्या आधी एक आणि पुढे शून्य लिहिले, रिकाम्या ओळीत ‘एकशे वीस पौंड’ भरले आणि पैसे घेऊन तो पसार झाला. १९१८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की नुकसान बँकेचे नाही, पेढीचे. कारण चेक लिहिताना नीट काळजी घेणे हे खातेदाराचे काम. आपल्याकडचा हुंडी लिहिणारा गुमास्ता हेच दर ओळीला करत होता.

मात्र या पद्धतीलाही मर्यादा आहे. निमे लिहिल्याने कागदावरची फेरफार उघडी पडते, लिहिणाऱ्याची मूळ गफलत नाही. गुमास्त्याने वहीतूनच चुकीची रक्कम उचलली, तर आकडे, अक्षरे आणि निमे तिन्ही एकमेकांशी छान जुळतात आणि तिन्ही चूक असतात. म्हणूनच पुष्कळदा हुंडीची खबर वेगळ्या पत्राने आधीच पाठवली जाई. कागद बरोबर आहे का, हे कागदाला विचारायचे नाही, दुसऱ्या वाटेने आलेल्या माहितीला विचारायचे.

ही गोष्ट आज जास्त लागू आहे. संगणकावर बनवलेल्या बिलाखाली ‘अक्षरी रुपये’ अशी ओळ असते. ती आपण लिहीत नाही, यंत्र आकड्यावरून बनवते. १२५००ऐवजी २१५०० टाइप झाले, तर खाली निमूटपणे ‘एकवीस हजार पाचशे फक्त’ येते. ही दुसरी नोंद नाही, पहिल्याच नोंदीची सावली आहे. वाचणाऱ्याने थांबून वाचली तर ती डोळ्यांत खुपेल, एवढाच तिचा उपयोग. पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपवर आकडा टाकण्याआधी रक्कम स्वतःच्या मनाने अक्षरांत लिहून ठेवली, तर ती खरी दुसरी नोंद होते.

तसा निरोप मोठा नसतो: ‘रु. १२,५००/-, अक्षरी बारा हजार पाचशे फक्त, सोयाबीनच्या वाहतुकीचे.’ यात ‘/-’ आणि ‘फक्त’ दोन्ही शेपटांची दारे बंद करतात. ‘साडेबारा’ आणि ‘१२.५’ टाळले, म्हणजे हजार की शेकडा हा प्रश्न उरत नाही. कशाचे पैसे हे सांगितले, म्हणजे रक्कम मनातल्या हिशेबाशी ताडून पाहता येते.

आणि पैसे घेणाऱ्यासाठीही हुंडीचाच धडा. ‘तुमच्या खात्यात चुकून १०,००० आले, ९,००० परत करा’ असा संदेश आला आणि त्यात आकडे-अक्षरे कितीही नेमकी जुळली, तरी तो संदेश म्हणजे फक्त कागद. पैसे आले की नाही, हे खाते उघडून पाहायचे. पेढीवरचा आडत्याही हुंडीवरची रक्कम वाचून लगेच थैली उघडत नसे. आधी तो आपली वही उघडत असे.