मागविल्यापेक्षा लहान मापाचा कुर्ता संच आल्यास विक्रेत्याला पत्र कसे लिहावे?

ऑनलाइन मागविलेला कुर्ता संच घरी येतो, अंगात घालून पाहिला की तो घट्ट बसतो आणि ग्राहक विक्रेत्याला एकच वाक्य लिहून पाठवतो : ‘कुर्ता लहान आला, बदलून द्यावा.’ हे वाक्य खरे असले तरी पत्र म्हणून ते अपुरे आहे. कुर्ता कशाच्या तुलनेत लहान आला, हे त्यात नाही. नोंदविलेल्या मापाच्या तुलनेत, की ग्राहकाच्या अंगाच्या तुलनेत? विक्रेत्याची जबाबदारी या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून पत्र लिहायला बसण्यापूर्वी चूक नेमकी कोठे झाली हे पाहून घ्यावे.

चूक कोठे झाली?

अशा तक्रारींचे तीन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात मागणी एक्सएल मापाची असते आणि कुर्त्याच्या गळ्यामागील पट्टीवर एल लिहिलेले असते. ही माल भरतानाची चूक असून ती सिद्ध करण्यास पट्टीचे एक छायाचित्र पुरते. दुसऱ्या प्रकारात पट्टीवर एक्सएल असते, पण कपडा मोजला असता विक्रेत्याने पानावर दिलेल्या मापाहून तो लहान भरतो. ही शिवणीची किंवा पट्टी लावतानाची चूक होय. ती दाखवण्यासाठी मापाची फीत लागते. तिसऱ्या प्रकारात पट्टी आणि माप दोन्ही बरोबर असतात, केवळ ते माप ग्राहकाला होत नाही. येथे विक्रेत्याची चूक नसते. बदली मिळणे न मिळणे त्याच्या जाहीर केलेल्या धोरणावर अवलंबून राहते आणि पत्राची भाषाही मागणीची नव्हे, तर विनंतीची असावी लागते.

पहिल्या दोन प्रकारांत मात्र कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे वस्तू नसेल, तर ती परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापले म्हणून ही जबाबदारी टळत नाही. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. हा नियम माल परत घेण्याविषयी आणि पैशांविषयी बोलतो, त्याच रंगाचा दुसरा संच मिळेलच असे तो म्हणत नाही. योग्य मापाचा संच साठ्यात नसेल तर बदली अशक्य होते. यास्तव पत्रात पहिली मागणी बदलीची आणि ती न जमल्यास दुसरी मागणी पूर्ण रकमेची, अशा दोन्ही मागण्या क्रमाने लिहाव्यात.

माप कसे घ्यावे?

कुर्ता सपाट पृष्ठभागावर पसरावा आणि हाताने सुरकुत्या काढाव्यात, पण कापड ताणू नये. एका काखेच्या शिवणीच्या खालच्या टोकापासून दुसऱ्या काखेच्या टोकापर्यंत आडवे माप घ्यावे आणि ते दुप्पट करावे. हा कुर्त्याचा छातीचा घेर झाला. भारतीय कुर्त्यांत सामान्यतः एका मापातून दुसऱ्या मापात जाताना हा घेर दोन इंचांनी वाढतो. म्हणजे पसरलेल्या कुर्त्यावर फरक केवळ एका इंचाचा दिसतो. शिवणीत अर्धा इंच इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून एवढ्याशा फरकावर तक्रार उभी करू नये.

येथे एक फसगत नेहमी होते. काही विक्रेते मापांच्या तक्त्यात अंगाचे माप देतात, तर काही कपड्याचे. कुर्ता अंगावर सैल बसावा म्हणून कपड्याचा घेर अंगाच्या मापाहून दोन-तीन इंच जास्त ठेवलेला असतो. तक्त्यात ‘एक्सएल, ४२ इंच’ असे लिहिले असून ते अंगाचे माप असेल, तर ४२ इंच भरलेला कुर्ता प्रत्यक्षात एक माप लहान असण्याची शक्यता आहे. तक्ता कोणता आहे हे वाचून घ्यावे आणि पत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा.

एक उदाहरण

समजा, मडगावच्या एका भगिनीने चतुर्थीसाठी कुर्ता, पँट आणि ओढणी असा तीन नगांचा संच ६ ऑगस्टला मागविला. माप एक्सएल, किंमत १,८९९ रुपये. संच ११ ऑगस्टला आला. पाकिटावरील चिकटपट्टीवर एक्सएल आहे, पण कुर्त्याच्या गळ्यावर एल. पँट मात्र एक्सएल मापाचीच आहे. विक्रेत्याच्या तक्त्यात कपड्याचा घेर एल मापासाठी ४२ इंच आणि एक्सएल मापासाठी ४४ इंच दिला आहे. कुर्ता पसरून मोजला असता २१ इंच भरला, म्हणजे घेर ४२ इंच. पट्टी आणि माप दोन्ही एकच गोष्ट सांगतात. परत करण्याची मुदत सात दिवसांची, म्हणजे १८ ऑगस्टपर्यंत आहे. त्यांचे पत्र असे होईल :

दिनांक : १२ ऑगस्ट

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(विक्रेत्याचे नाव व पत्ता)

विषय : मागविल्यापेक्षा एक माप लहान कुर्ता आल्यामुळे संच बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : मागणी क्रमांक (…), बिल क्रमांक (…).

महोदय,

मी ६ ऑगस्ट रोजी वरील क्रमांकाने निळ्या रंगाचा, एक्सएल मापाचा कुर्ता, पँट व ओढणी असा संच मागविला होता. त्याची किंमत १,८९९ रुपये मी आगाऊ भरली आहे. हा संच मला ११ ऑगस्ट रोजी मिळाला.

पाकिटावर एक्सएल असे माप लिहिलेले असले, तरी आतील कुर्त्याच्या पट्टीवर एल असे माप आहे. कुर्त्याचा छातीचा घेर मोजला असता ४२ इंच भरतो. आपल्या मापतक्त्याप्रमाणे एक्सएल मापाच्या कुर्त्याचा घेर ४४ इंच असावयास हवा. पँट व ओढणी मागणीप्रमाणे आहेत. यावरून पाकिटात चुकीच्या मापाचा कुर्ता भरला गेला, हे स्पष्ट होते.

संच न वापरलेला व न धुतलेला असून त्यावरील सर्व चिठ्ठ्या कायम आहेत. पाकीट, कुर्त्याची पट्टी व फितीसह घेतलेले माप यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कृपया त्याच रंगाचा एक्सएल मापाचा संच त्याच किमतीत व वाहतूक खर्च न आकारता २२ ऑगस्टपर्यंत पाठवावा. तो उपलब्ध नसल्यास १८ ऑगस्टपूर्वी तसे कळवून संपूर्ण रक्कम परत करावी. संच नेण्यास येणाऱ्या व्यक्तीस कुर्त्याची पट्टी मागणीशी जुळणार नाही, याची आगाऊ सूचना द्यावी. या तक्रारीचा नोंद क्रमांक मला कळवावा.

आपली विश्वासू,
(नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक)

पत्रातील बारकावे

या पत्रात रागाचा एकही शब्द नाही आणि चतुर्थीचाही उल्लेख नाही. सणाचे कारण सांगितल्याने विक्रेता बांधला जात नाही. तारखेची मागणी मात्र नोंदीत राहते. १८ ऑगस्ट ही तारीखही विचारपूर्वक घातलेली आहे. ‘माल येताच कळवतो’ अशा उत्तरांत दिवस निघून जातात, परत करण्याची मुदत संपते आणि मग संकेतस्थळावरील परतीचे बटणच दिसेनासे होते. म्हणून पत्र पाठवले तरी त्याच दिवशी संकेतस्थळावरही परतीची नोंद करावी.

ती नोंद करताना कारणांची यादी समोर येते. तेथे ‘माप होत नाही’ हे कारण निवडल्यास तक्रार आपोआप तिसऱ्या प्रकारात, म्हणजे ग्राहकाच्या निवडीच्या चुकीत जमा होते आणि काही विक्रेते त्यावर वाहतूक खर्चही कापून घेतात. ‘चुकीची वस्तू मिळाली’ किंवा त्या अर्थाचे जे कारण असेल तेच निवडावे. पत्र आणि नोंद यांत विसंगती राहिली, तर विक्रेता नोंदीवर बोट ठेवतो.

आगाऊ सूचनेच्या वाक्यामागे एक व्यावहारिक अडचण आहे. संच न्यायला येणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर मूळ मागणी, म्हणजे एक्सएल माप दिसत असते. हातातील कुर्त्यावर एल पाहून तो ‘ही वस्तू जुळत नाही’ असे नोंदवतो आणि रिकाम्या हाताने परततो. ज्या चुकीबद्दल तक्रार आहे, तीच चूक परतीच्या आड येते. असे झाल्यास त्याच्या नोंदीचे छायाचित्र काढून ते त्याच पत्रव्यवहारात पाठवावे. संच देताना तिन्ही नग एकत्र द्यावेत. पँट योग्य आहे म्हणून ती ठेवून घेतल्यास संच अपूर्ण ठरून परत येतो.

बरेच कुर्ता संच जयपूर, सुरत अशा ठिकाणांहून येतात. मराठी पत्राबरोबर विषय आणि मागणी ही दोन वाक्ये हिंदीत किंवा इंग्रजीतही लिहावीत, म्हणजे उत्तरास विलंब होत नाही.

उत्तर न आल्यास

वरील नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. विक्रेता एखाद्या मोठ्या संकेतस्थळावरून माल विकत असेल, तर पत्राची प्रत त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवावी; त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. संपर्क क्रमांक इतरत्र शोधू नये. ग्राहकसेवेच्या नावाने पसरवलेल्या खोट्या क्रमांकांवरून पैसे परत देण्याच्या बहाण्याने बँकेचा परवलीचा अंक विचारला जातो.

पोच आली नाही किंवा नकार आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन विक्रेत्याशी बोलून मार्ग काढते, निकाल देत नाही. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते, त्यामुळे जयपूरच्या विक्रेत्याविरुद्धची तक्रार गोव्यातच दाखल करता येते. एवढ्या लहान रकमेसाठी तेथे शुल्कही लागत नाही. तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. आयोगापुढे पहिले कागद म्हणून हेच पत्र, त्याची तारीख आणि फितीसह काढलेले ते छायाचित्र मांडले जाईल. म्हणून पत्राची प्रत जपून ठेवावी आणि प्रश्न सुटेपर्यंत कुर्त्याची चिठ्ठी काढू नये.