तळटीप : एलडीओ

* एलडीओ : इनपुट व्होल्टेज आउटपुटपेक्षा थोडेच जास्त असले तरी चालणारा रेग्युलेटर. तो ‘थोडा’ फरक म्हणजे ड्रॉपआउट. वसमतकडच्या हळदीच्या वावरातला ३.३ व्होल्टचा ओलावामापक घ्या. स्वस्तातल्या एएमएस १११७ ला साधारण १.१ व्होल्टचा फरक लागतो, म्हणून ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर तो टिकत नाही. सेल भरलेला दिसतो, पण संदेश पाठवताना यंत्र रीसेट होते. १२ व्होल्टची बॅटरी जोडली तर (१२ − ३.३) × ०.२ अँपिअर = १.७४ वॅट उष्णता. एवढ्याशा चिपवर बोट टेकवत नाही. कपॅसिटर पायांशेजारीच हवेत. एएमएस १११७ च्या आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा टँटॅलम सांगितलेला आहे. त्याचा किंचित अंतर्गत रोधच लूप स्थिर ठेवतो. नुसता सिरॅमिक लावला तर आउटपुट थरथरू शकते, आणि ते मल्टिमीटरवर नव्हे, ऑसिलोस्कोपवरच दिसते. — संपा.