पहिलाच मेसेज ‘शुभ रात्री’ आला, तर काय उत्तर द्यावे?

‘शुभ रात्री’ हा निरोपाचा शब्द आहे. पण व्हॉट्सॲपवर तो कधी कधी संभाषणातला पहिलाच मेसेज म्हणून येतो. ओळखीच्या माणसाकडून आला, तर उलट ‘शुभ रात्री’ म्हटले की झाले. प्रश्न पडतो तो दुकानाच्या नंबरवर अनोळखी ग्राहकाकडून आला की.

समजा, सोलापुरातल्या एका चादरीच्या दुकानाला रात्री १०:४० ला मेसेज आला: ‘शुभ रात्री 🌙’. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये Greeting message सुरू असेल, तर ग्राहकाने पहिल्यांदा मेसेज केल्यावर, किंवा १४ दिवस काहीच बोलणे झाले नसेल तर, ठरलेले उत्तर आपोआप जाते. मग ग्राहकाला लगेच दिसते: ‘नमस्कार! चादर, टॉवेल, नॅपकिन. आपल्याला काय दाखवू?’ समोरचा झोपायला निघालाय आणि दुकान त्याला माल दाखवतेय. अशा वेळी तो एक तर गप्प राहतो किंवा संकोचाने उगाच काहीतरी विचारतो.

हाताने लिहायचे उत्तर असे असावे: ‘शुभ रात्री. चादर-टॉवेलबद्दल काही विचारायचे असेल तर केव्हाही लिहा, दुकान सकाळी १० ला उघडते.’ पहिल्या वाक्यात शुभेच्छा परत केली. दुसऱ्यात मदतीची तयारी दाखवली, पण प्रश्न विचारला नाही. प्रश्न आला की उत्तर देणे भाग पडते. नुसते सांगून ठेवले, तर समोरचा निवांत झोपू शकतो.

म्हणजे मदत देऊ करणे चालते, पण एका वाक्यात आणि घाई न लावता. सवलत, दरपत्रक, फोटो नकोत. ग्राहकाने अजून काहीच मागितलेले नाही. सकाळी त्याचा मेसेज आला नाही, तर दुकानानेही पुन्हा लिहू नये. नुसती शुभेच्छा म्हणजे जाहिराती पाठवायला संमती नव्हे.

आपोआप जाणारे उत्तरही सुधारता येते. Greeting message मधला प्रश्न काढून टाकावा, म्हणजे तो कोणत्याही वेळी शोभतो. Away message दुकान बंद असतानाच्या वेळेपुरता लावता येतो. त्यात उघडण्याची वेळ लिहावी.

खासगी नंबरची गोष्ट वेगळी. तिथे अनोळखी माणसाला मदत देऊ करायची गरज नाही, उत्तर न देणेही चालते. गोड शुभेच्छांपासून सुरू झालेली ओळख काही दिवसांत गुंतवणुकीवर आली, तर ती फसवणुकीची ओळखीची पद्धत आहे. तेव्हा नंबर ब्लॉक करावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.