सहीखाली झाकलेला बादशहा

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुनी पत्र्याची पेटी असते. तिच्यात निकाहनामा, जमिनीचे दस्त, देण्याघेण्याच्या पावत्या आणि कधी कधी बाद झालेली एखादी नोट कापडात गुंडाळून ठेवलेली सापडते. मिठागरांच्या आणि मासळीच्या व्यवहारावर जगलेल्या पाली, उत्तन, भाईंदर या भागांत पावत्यांना तोटा नाही. अशा एका पावतीवरचे तिकीट कोणाचे, हे कसे ओळखावे एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो सोपा वाटतो. तिकिटावर चेहरा आहे, तो पाहावा आणि नाव सांगावे. पण पावतीच्या बाबतीत नेमका चेहराच उपयोगी पडत नाही, आणि त्याचे कारण कायद्यात आहे.

वीस रुपयांवरील रकमेच्या पावतीला एक आण्याचे तिकीट लावावे, असे १८९९ च्या स्टँप कायद्यात होते. तेच तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून पैसे घेणारा तिकिटावरूनच आडवी सही करी किंवा अंगठा उठवी. ही सही बहुधा बादशहाच्या नाकाडोळ्यांवरूनच जाई. शिवाय इंग्रज सरकारच्या हिंदुस्थानी तिकिटावर राजाचे नाव कधी छापलेले नसे. चांदीच्या रुपयावर ‘एडवर्ड सातवा’ किंवा ‘जॉर्ज पाचवा’ असे इंग्रजी अक्षरांत स्पष्ट लिहिलेले असे. तिकिटावर मात्र देशाचे नाव, किंमत आणि तिकिटाचे काम एवढाच मजकूर असे.

आता एक पावती समोर धरू. समजा, ती मिठाच्या पैशांची आहे, वरचा कोपरा फाटल्याने साल गेले आहे, आणि एक आण्याच्या तिकिटावर सहीच्या रेघांमधून फक्त दाढी दिसते आहे. राणी व्हिक्टोरिया अर्थातच बाद झाली. सहावा जॉर्जही बाद, कारण त्याला दाढी नव्हती. उरले दोघे, सातवा एडवर्ड आणि त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज. बापलेक दोघेही दाढीवाले असल्यामुळे इथे घरोघरी वाद होतो.

अशा वेळी चेहरा सोडून द्यावा आणि आधी अक्षरे वाचावीत. ‘इंडिया पोस्टेज’ एवढेच लिहिले असेल तर ते तिकीट टपालासाठी काढलेले. ‘इंडिया पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असे असेल तर ते टपाल आणि महसूल या दोन्ही कामांचे. हा जोडमजकूर अर्ध्या आण्याच्या व एक आण्याच्या तिकिटांवर १९०६ साली एडवर्डच्या कारकिर्दीत आला. म्हणजे ‘रेव्हेन्यू’ हा शब्द दिसला की आपली पावती १९०६ च्या आधीची नाही हे ठरले, पण बाप की लेक हे अजून ठरलेले नाही.

मग मुकुट पाहावा. एडवर्डचे डोके तिकिटावर उघडे आहे आणि मुकुट त्याच्या डोक्यावर नसून वरच्या बाजूला, चौकटीच्या नक्षीत बसवलेला आहे. पाचव्या जॉर्जने मात्र मुकुट डोक्यावरच घातला आहे आणि खांद्यावर झगा आहे. सही मध्यावरून गेली तरी वरचा भाग बहुतेक वेळा मोकळा राहतो, म्हणून ही खूण हमखास उपयोगी पडते. तोही भाग शाईने माखला असेल तर रंगाकडे वळावे. एडवर्डचे एक आण्याचे तिकीट लाल. जॉर्जचेही आरंभी लालच होते, पण १९२२ पासून ते चॉकलेटी झाले. तेव्हा तपकिरी चॉकलेटी एक आणा आणि दाढी अशी जोडी दिसली की तो पाचवा जॉर्ज, आणि पावती १९२२ च्या आधीची नव्हे. एक सावधगिरी मात्र हवी. ओल आणि ऊन खाल्लेला लाल रंगही तपकिरी पडतो. म्हणून तिकिटाचा जो भाग घडीत झाकून राहिला असेल त्याचा रंग पाहावा.

शेवटची खूण कागदात आहे. लंडनहून छापून येणाऱ्या तिकिटांच्या कागदात, प्रत्येक तिकिटात एक तारा, असे जलचिन्ह असे. पुढे आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात तिकिटे छापली जाऊ लागली आणि १९२६ पासून अनेक लहान ताऱ्यांचा कागद आला. एडवर्ड १९१० सालीच वारला होता, तेव्हा अनेक तारे दिसले की त्याचे नाव घ्यायचे कारण नाही. पण हे जलचिन्ह पाहण्यासाठी तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नये. दस्तावरून सुटलेले तिकीट मग कशाचाच पुरावा राहत नाही.

ही कसोटी एका बाजूनेच चालते, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. पेटीत उरलेले जुने तिकीट पुढे पुष्कळ वर्षांनी लावलेले असू शकते, म्हणून तिकीट जुने म्हणजे कागद जुना असे होत नाही. उलट, नवे तिकीट जुन्या तारखेवर असूच शकत नाही. कागदावर १९०४ लिहिले आहे आणि तिकिटावर ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ आहे, तर तो कागद त्या साली झालेला नाही. जमिनीच्या वाटणीत असा एक कागद पुढे आला तर घराण्याचे नशीब त्यावर अवलंबून असते, म्हणून एवढा काथ्याकूट.

नोटांवर राजाची ओळख थोडी वेगळी पटवावी लागते. १९१७ साली निघालेल्या एक रुपयाच्या नोटेवर चांदीच्या रुपयाचे चित्रच छापले होते. नाण्यावर नाव असल्याने चित्रातही ते आले आणि भिंगाखाली वाचता येते. याच तऱ्हेची १९३५ साल छापलेली एक नोट आहे. तिच्यावर पाचवा जॉर्ज असून ती लोकांच्या हाती पडली १९४० मध्ये, म्हणजे तो वारल्यानंतर चार वर्षांनी. मोठ्या नोटांवर नाव नाही. तिथे आधी नोट कोणाची ते वाचावे. ‘गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया’ असेल तर पाचवा जॉर्ज, ‘रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’ असेल तर सहावा, कारण रिझर्व्ह बँकेची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली. आठव्या एडवर्डची नोट शोधू नये. १९३६ च्या डिसेंबरात त्याने गादी सोडली आणि त्याच्या चित्राची नोट चलनात आलीच नाही.

इथे चेहरा पुन्हा फसवतो. सहावा जॉर्ज आधी एका बाजूने दाखवला होता. महायुद्धाच्या काळात खोट्या नोटांचा सुळसुळाट झाल्यावर त्याचे समोरून काढलेले चित्र आले आणि कागदात सुरक्षा धागा आला. दोन नोटा शेजारी ठेवल्या तर दोन वेगळी माणसे वाटतात. पण दोन्हींवर बँकेचे नाव एकच आहे, आणि खाली सही आहे. पहिल्या नोटांवर जे. बी. टेलर यांची, आणि १९४३ नंतरच्या नोटांवर चिंतामणराव देशमुखांची. हे आपल्याच कोकणातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर. फाळणीनंतर १९४८ मध्ये अशाच नोटा नाशकात ‘पाकिस्तान सरकार’ असा मजकूर इंग्रजीत आणि उर्दूत घालून छापल्या गेल्या. चेहरा सहाव्या जॉर्जचाच, पण त्या नोटा पलीकडच्या देशाच्या होत्या.