विमानात घड्याळ फ्लाइट मोडवर टाकलं तर वर्कआउट बंद पडतो का?

नाही. फ्लाइट मोड फक्त घड्याळाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तोडतो. मोबाइल नेटवर्क बंद होतं, बहुतेक वेळा वाय-फायही. पाठीमागचा हिरवा लाइट नाडी मोजतच राहतो, हालचालीचा सेन्सर पावलं मोजतो आणि सगळी नोंद घड्याळाच्याच मेमरीत साठते. नंतर फोनशी जोडलं की ती ॲपमध्ये येते.

आपल्याकडे डीजीसीएने 2014 पासून फ्लाइट मोडवरची उपकरणं प्रवासभर वापरायला परवानगी दिली आहे. तरी केबिन क्रूने बंद करा म्हटलं, तर बंद करायचं. ॲपल वॉचमध्ये बाजूचं बटण दाबा आणि विमानाच्या चिन्हावर टॅप करा. वेअर ओएसच्या घड्याळात स्क्रीन वरून खाली ओढली की तेच चिन्ह दिसतं. ब्लूटूथ सुरू आहे का, हे वेगळं बघा, कारण इअरफोन त्यावरच चालतात.

गडबड होते ती जीपीएसमुळे. जीपीएस फक्त उपग्रहांचे सिग्नल ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही. त्यामुळे अनेक घड्याळांत तो फ्लाइट मोडमध्येही चालू राहतो. मी एकदा नागपूर विमानतळावर Outdoor Walk लावून फेऱ्या मारल्या आणि तो बंद करायचा विसरून पुण्याच्या विमानात बसलो. उतरल्यावर बघतो तर माझ्या नावावर सुमारे 600 किलोमीटर चालणं! मध्ये सिग्नल तुटला तरी घड्याळाने आधीचा आणि नंतरचा बिंदू सरळ रेषेने जोडून टाकला होता. शेवटी तो वर्कआउट डिलीट करावा लागला, आणि त्यासोबत टर्मिनलमधलं खरं चालणंही गेलं. म्हणून बोर्डिंगआधी वर्कआउट संपवा. विमानात पाय मोकळे करताना नोंद हवीच असेल तर Indoor Walk निवडा. त्यात अंतर जीपीएसवरून नाही, पावलांवरून काढलं जातं.

आता वेळेचं. समजा, तुम्ही नागपूरहून पहाटे 4 वाजता दोह्याला निघालात आणि साडेचार तासांनी उतरलात. स्टॉपवॉच बरोबर 4:30 तास दाखवेल, कारण ते फक्त गेलेला काळ मोजतं. पण घड्याळात सकाळचे 8:30 वाजलेले असतील आणि दोह्यात 6:00, कारण दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. फ्लाइट मोड काढून फोनला तिथलं नेटवर्क मिळेपर्यंत घड्याळ भारताचीच वेळ दाखवतं.

म्हणून पुढच्या विमानासाठी अलार्म लावण्याआधी एकदा विमानतळावरच्या घड्याळाशी वेळ जुळवून बघा. आणि औषध दर आठ तासांनी घ्यायचं असेल तर अलार्मऐवजी आठ तासांचा टायमर लावा. देश बदलला तरी तो आठ तासांनीच वाजतो.